रफ कटवरचे करेक्शन व्हॉट्सअ‍ॅपवर नको, लिंकवर घ्या

‘तो मशीनवाला शॉट जरा कमी करा.’ क्लायंटचा हा मेसेज वाचला की एडिटर आधी मोजायला बसतो, कारण फिल्ममध्ये मशीनचे अकरा शॉट असतात. ‘कुठला, सर?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘अहो तो, साहेब बोलतात त्याच्यानंतरचा.’ साहेब फिल्ममध्ये तीनदा बोलतात. मग एक फोन, त्यानंतर मार्केटिंगच्या मॅडमचा व्हॉइस मेसेज, मध्येच कुणीतरी टाकलेला स्क्रीनशॉट, ज्यात वेळ दिसतच नाही. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर साठ मेसेज जमतात. त्यातले करेक्शन किती, गुड मॉर्निंग किती आणि आधीच करून झालेलं काय, हे वेचून काढण्यातच तास जातो.

यावरचा उपाय म्हणजे रिव्ह्यू लिंक. रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, एका रिव्ह्यू साइटवर चढवायचा आणि त्याची लिंक क्लायंटला द्यायची. तो ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघतो, खटकेल तिथे थांबून लिहितो, आणि त्याच्या वाक्याला त्या क्षणाचा टाइमकोड आपोआप चिकटतो. ‘कुठला शॉट?’ या प्रश्नाचं उत्तर कॉमेंटसोबतच येतं. फ्रेम डॉट आयओ हे यातलं सगळ्यांत जास्त ऐकू येणारं नाव. २०२१ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनी विकत घेतली आणि पुढच्या वर्षी ती सोय आपल्या प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आतच आणून ठेवली. ड्रॉपबॉक्स रिप्ले आणि व्हिमिओचं रिव्ह्यू पान हेही साधारण हेच काम करतात. बटणं वेगळी असली तरी मूळ रीत एकच आहे, म्हणून इथे साइटपेक्षा रीतच बघू.

ही रीत तशी नवीन नाही. टेपच्या काळात क्लायंटला व्हीएचएसची कॉपी जायची, तिच्यावर चित्राच्या एका कोपऱ्यात टाइमकोड छापलेला असायचा. क्लायंट टीव्हीसमोर कागद-पेन घेऊन बसायचा आणि आकडा बघून करेक्शन लिहायचा. आकडा वाचून उतरवण्याचं ते काम आता साइट करते. आजही एखादा क्लायंट लिंकला अजिबात तयार नसेल, तर एक्सपोर्ट करताना टाइमकोड चित्रावर छापा, फाइल पाठवा आणि ‘कोपऱ्यातला आकडा लिहून पाठवा’ एवढंच सांगा. निम्मं काम तेवढ्यानेही होतं.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. कोल्हापूरकडच्या एखाद्या फाउंड्रीची कॉर्पोरेट फिल्म आहे असं धरा. लांबी ४ मिनिटं १० सेकंद, टाइमलाइन २५ फ्रेमची, म्हणजे एका सेकंदात २५ चित्रं. टाइमकोडमध्ये चार जोड्या असतात: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. `00:01:12:08` म्हणजे एक मिनिट, बारा सेकंद आणि वर आठ फ्रेम. शेवटची जोडी 24 पर्यंत जाते आणि मग पुढचा सेकंद लागतो.

एक्सपोर्टला फार डोकं लावू नका. एच २६४, १०८०पी, साधारण ८ एमबीपीएस पुरे. हिशोब सोपा आहे: ८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, त्यामुळे २५० सेकंदांच्या फिल्मची फाइल २५० एमबीच्या आसपास होते. साइट तशीही स्वतःची हलकी कॉपी करून ती दाखवते, त्यामुळे त्याहून जड फाइल चढवून फक्त तुमचा वेळ जातो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. टाइमलाइन २५ ची असेल तर एक्सपोर्टही २५ चाच हवा. ३० केला, तर साइटवरची फ्रेम आणि टाइमलाइनवरची फ्रेम जुळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टाइमलाइन कुठल्या आकड्यापासून सुरू होते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ती मुळातच `01:00:00:00` पासून सुरू होते, प्रीमियरमध्ये शून्यापासून. साइटचा प्लेअर कधी शून्यापासूनची वेळ दाखवतो, कधी फाइलमधला टाइमकोड. सगळे कॉमेंट बरोब्बर एका तासाने सरकलेले दिसले, तर दोष इथेच आहे.

पुढची पायरी बरेच जण गाळतात आणि नंतर सगळा घोळ तिथूनच होतो. एक्सपोर्ट केल्या केल्या त्या टाइमलाइनची डुप्लिकेट करा, तिला `Foundry_v1_REVIEW` असं काही नाव द्या आणि तिला हात लावू नका. पुढचं काम `Foundry_v2` वर. कारण क्लायंट कॉमेंट देतो ते पाठवलेल्या व्हर्जनच्या टाइमकोडवर. तो बघत असताना दोन दिवसांत तुम्ही मूळ टाइमलाइनमध्ये पुढे काम केलंत, चार शॉट इकडचे तिकडे केलेत, तर त्याचे आकडे कशालाच लागू पडत नाहीत. v1 तशीच्या तशी ठेवलेली असली की कुठलाही कॉमेंट तिच्यावर जाऊन पडताळता येतो.

लिंक बनवताना ठरवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: कॉमेंट चालू, डाउनलोड बंद, पासवर्ड आणि मुदत. लिंक ज्याच्या हाती पडेल तो ती उघडू शकतो आणि आपल्याकडे लिंक म्हटली की ती तीन ग्रुपवर फॉरवर्ड होतेच, म्हणून पासवर्ड. डाउनलोड बंद ठेवल्याने कुणी स्क्रीन रेकॉर्ड करायचं थांबत नाही, हेही खरं. त्यामुळे चित्रावर ‘रफ कट’ असा फिकट वॉटरमार्क असावा, नाहीतर अर्धवट कट कुणीतरी उत्साहाने स्टेटसला टाकतो. बहुतेक साइटवर बघणाऱ्याला स्वतःचं खातं उघडावं लागत नाही, नाव आणि ईमेल दिलं की भागतं. ते नाव मात्र त्याने नीट टाकलं पाहिजे, नाहीतर ‘मालकांनी सांगितलं’ की ‘ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं’ हे कळायला मार्ग राहत नाही.

नुसती लिंक फेकू नका. तिच्यासोबत काय लिहिता यावर येणाऱ्या कॉमेंटची जात ठरते. माझ्या मते मेसेज साधारण असा असावा:

‘सर, नमस्कार. फिल्मचा पहिला रफ कट खालच्या लिंकवर आहे. यात रंगांचं काम झालेलं नाही, म्युझिक तात्पुरतं आहे आणि निवेदन माझ्याच आवाजात आहे, ते नंतर बदलेल. एकदा न थांबता पूर्ण बघा आणि एकंदर काय वाटलं ते सगळ्यांत आधी लिहा. मग दुसऱ्यांदा बघताना जिथे बदल हवा तिथेच व्हिडिओ थांबवून लिहा. शुक्रवारी संध्याकाळपर्यंतचे करेक्शन पुढच्या व्हर्जनमध्ये घेतो.’

‘एकदा न थांबता बघा’ हे वाक्य वाटतं त्यापेक्षा मोलाचं आहे. या पद्धतीचा एक तोटा असा की ती माणसाला बारकाव्यात गुंतवते. दर तीन सेकंदांनी थांबण्याची सोय मिळाली की क्लायंट थांबतोच, आणि मग टायचा रंग, मागून जाणारी मोटारसायकल, भिंतीवरचं कॅलेंडर असे वीस कॉमेंट येतात. फिल्मचा मधला भाग रेंगाळतो हे मात्र कुणीच लिहीत नाही, कारण रेंगाळणं कुठल्याच एका फ्रेमवर सापडत नाही. रचनेबद्दलची, लयीबद्दलची तक्रार सलग बघतानाच जाणवते. पहिल्या फेरीत मला तीच हवी असते. टायचं दुसऱ्या फेरीतही बघता येईल, आणि खरं सांगायचं तर शूट झाल्यावर टायचं काही करताही येत नाही.

समजा आपल्या फाउंड्रीच्या फिल्मवर पाच कॉमेंट आले.

पहिला `00:00:42:10` वर: ‘पद चुकलं आहे. कार्यकारी नाही, व्यवस्थापकीय संचालक.’ खाली नावाची पट्टी दिसते आहे, चूक समोर आहे, दोन मिनिटांचं काम. लिंकचा सरळ फायदा इथे दिसतो.

दुसरा `00:01:12:08` वर: ‘हा शॉट काढा, कामगाराने हेल्मेट घातलेलं नाही.’ तुम्ही तिथे जाता, तर वितळलेलं लोखंड साच्यात ओततानाचा शॉट आहे आणि त्यात सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. क्लायंटचं चुकलं का? नाही. हेल्मेट नसलेला माणूस `00:01:09:20` ते `00:01:11:15` या आधीच्या शॉटमध्ये आहे. क्लायंटने तो बघितला, ‘अरे!’ म्हणाला आणि माउसकडे हात नेला, तोवर पुढचा शॉट सुरू झाला होता. कॉमेंट लिहायला सुरुवात केली की प्लेअर थांबतो आणि तिथला टाइमकोड चिकटतो. बघण्यात आणि थांबवण्यात सहज सेकंद-दीड सेकंद जातो. शॉट दहा सेकंदांचे असतील तर याने काही बिघडत नाही. दोन-दोन सेकंदांच्या जलद कटमध्ये मात्र कॉमेंट नेमका शेजारच्या शॉटवर जाऊन बसतो. म्हणून आकडा मिळाला तरी शब्द आधी वाचायचे आणि शब्द-चित्र जुळलं नाही तर थोडं मागे जाऊन बघायचं. घाईत आकड्यावर विश्वास ठेवलात, तर फिल्ममधला सगळ्यांत देखणा शॉट उडतो आणि बिनहेल्मेटचा माणूस v2 मध्येही दिमाखात उभा असतो. बऱ्याच साइटवर थांबलेल्या चित्रावर रेघ किंवा चौकट काढता येते. क्लायंटला ती एकदा दाखवून ठेवा. चौकट काढायची म्हटलं की तो आपसूक नेमक्या फ्रेमवर मागे येतो.

तिसरा कॉमेंट एका क्षणावर नाही, मुलाखतीतल्या `00:02:05:00` ते `00:02:20:00` अशा पट्ट्यावर आहे: ‘इथे थोडं लांबतंय.’ पट्टा निवडून कॉमेंट देण्याची सोय असेल तर जरूर वापरायला सांगा. ‘लांबतंय’ हे कुठून कुठपर्यंत, हे त्याशिवाय कळत नाही. तिथे अर्थात विचारावं लागेल की नेमकं काय कमी करायचं, बोलणं की चित्र. पण हा प्रश्न त्याच कॉमेंटखाली विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. उत्तरही तिथेच येतं आणि चार दिवसांनी शोधत बसावं लागत नाही.

चौथा `00:03:30:00` वर: ‘इथे नव्या प्लांटचा ड्रोन शॉट हवा.’ पाचवा `00:04:09:20` वर, म्हणजे फिल्म संपता संपता: ‘म्युझिक नाही आवडलं.’ शेवटच्या सेकंदावर किंवा अगदी शून्यावर पडलेला कॉमेंट बहुधा त्या जागेबद्दल नसतो, अख्ख्या फिल्मबद्दल असतो. बघून झालं, प्लेहेड जिथे थांबला तिथेच लिहिलं. सगळेच कॉमेंट शेवटाला गोळा झालेले दिसले, तर क्लायंटला थांबून लिहायचं समजलेलं नाही असं धरा, फोन करा आणि दोन मिनिटांत दाखवून द्या.

आता हे पाच कॉमेंट टाइमलाइनवर आणायचे. प्रीमियरमध्ये फ्रेम डॉट आयओचं पॅनेल उघडलं की कॉमेंट बाजूला दिसतात, त्यांच्यावर क्लिक केलं की प्लेहेड त्या जागी जातो आणि ते मार्कर म्हणूनही टाइमलाइनवर घेता येतात. ही सोय नसेल तर v2 वर हाताने मार्कर टाका. पाच-दहा कॉमेंटना असा किती वेळ लागणार?

मग काम कुठून सुरू करायचं? सवयीने आपण पहिल्यापासून सुरू करतो. यात गोम आहे. हेल्मेटचा शॉट काढून मोकळी जागा बंद केलीत की त्यापुढची सगळी फिल्म एक सेकंद आणि २० फ्रेमने मागे सरकते. मग मुलाखतीतून सहा सेकंद कापलेत, आणखी सरकते. ड्रोन शॉटची जागा कॉमेंटप्रमाणे `00:03:30:00` आहे, पण v2 मध्ये ती आता `00:03:22:05` वर आलेली असते. आकडा बघून शॉट टाकलात तर तो पावणेआठ सेकंद पुढे, भलत्याच वाक्यावर जाऊन बसतो. म्हणून करेक्शन शेवटाकडून सुरुवातीकडे करत यायचे. आधी ड्रोन शॉट, मग मुलाखत, मग हेल्मेट, सगळ्यांत शेवटी पद. शेवटाकडची कापाकापी सुरुवातीकडच्या आकड्यांना धक्का लावत नाही. म्युझिक मात्र या क्रमाबाहेर ठेवा, चित्राची लांबी ठरल्यावरच ते बसवण्यात अर्थ आहे. टाइमलाइनसोबत मार्करही सरकतील अशी व्यवस्था प्रीमियरमध्ये आहे, `Markers` मेनूतल्या `Ripple Sequence Markers` वर खूण करून ठेवली की झालं. तरीही उलट क्रमाची सवय बरी, कारण ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालते आणि खूण करायला विसरलात तरी नडत नाही.

एकेक करेक्शन झालं की साइटवर त्या कॉमेंटला पूर्ण झाल्याची टिक लावा. जे करता येणार नाही त्याला टिक नको, उत्तर लिहा. आपल्या उदाहरणात नव्या प्लांटचं ड्रोन शूट झालेलंच नसेल, तर ‘हा शॉट आपल्याकडे नाही, शूट करायचा झाल्यास वेगळा खर्च येईल. तूर्त गेटचा शॉट वापरला आहे,’ असं तिथेच लिहून ठेवायचं. फेरी संपल्यावर बिनटिकचे कॉमेंट जेवढे उरतील, तेवढाच पुढच्या फोनचा विषय.

सगळ्यांत अवघड भाग तंत्राचा नाही, माणसांचा आहे. तीन जण कॉमेंट द्यायला लागले की मालक म्हणतात ‘हा शॉट वाढवा’ आणि मार्केटिंगवाले त्याच जागी लिहितात ‘हा काढला तरी चालेल’. व्हॉट्सअ‍ॅपवर हे दोन मेसेज दोन वेगळ्या दिवशी येतात आणि एडिटर बिचारा आधी वाढवतो, मग काढतो, मग दोघांचं ऐकून घेतो. लिंकवर ते एकाखाली एक दिसतात, दोघांनाही दिसतात. तिथे एडिटरने निवाडा करू नये. ‘दोन्हीपैकी काय करू, आपण ठरवून कळवा,’ एवढं लिहून थांबावं. त्याहून चांगलं म्हणजे कामाच्या सुरुवातीलाच क्लायंटकडून एक माणूस ठरवून घ्यायचा, ज्याचा शब्द अंतिम. बाकीच्यांनी जरूर लिहावं, पण काम त्याने ‘हो’ म्हटल्यावरच.

काही तक्रारी मुळात फिल्मबद्दलच्या नसतात. ‘सुरुवात ब्लर आहे’ असा कॉमेंट आला तर आधी विचारा, कुठे बघितलं. नेट हळू असेल तर प्लेअर पहिली काही सेकंदं कमी दर्जाचं चित्र दाखवतो आणि मग सुधारतो. ‘आवाज पातळ वाटतो’ हे फोनच्या स्पीकरवर ऐकून लिहिलेलं असतं, त्यातून खालचे सूर बाहेरच येत नाहीत. रंग तर दोन स्क्रीनवर कधीच सारखे दिसत नाहीत. अशा कॉमेंटवर काही बदलण्याआधी त्यांना लॅपटॉप आणि हेडफोनवर एकदा बघायला सांगा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तात्पुरती सोय म्हणून काही जण यूट्यूबवर अनलिस्टेड व्हिडिओ टाकतात. खाली कॉमेंटमध्ये `1:12` असं लिहिलं की त्याची लिंक होते, त्यावर क्लिक केलं की व्हिडिओ तिथे जातो. फुकट आहे, सगळ्यांना वापरता येतं. पण आकडा क्लायंटने स्वतः टाइप करावा लागतो, फ्रेमपर्यंत तो जात नाही, टिक नाही आणि नवं व्हर्जन म्हणजे नवा व्हिडिओ, नवी लिंक. दोन मिनिटांच्या रीलला चालून जाईल.

रिव्ह्यू साइटवर v2 हा v1 च्याच जागी, त्याच्यावर रचून टाकता येतो. शक्यतो तसंच करा. जुने कॉमेंट जुन्या व्हर्जनपाशी राहतात आणि दोन्ही शेजारी ठेवून काय बदललं ते क्लायंटला बघता येतं. लिंक तीच राहील की नवी द्यावी लागेल, हे साइटवर अवलंबून आहे. पाठवण्याआधी एकदा खाजगी विंडोमध्ये, म्हणजे लॉग-इन न करता, स्वतः उघडून बघा. लिंकवर अजून v1 च दिसत असेल तर क्लायंट जुन्याच कटवर नवे कॉमेंट देत बसेल. ‘आम्ही सांगितलेलं काहीच केलेलं नाही’ असा रागाचा फोन आला की आधी हेच तपासायचं.

किती फेऱ्या, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं असावं. दोन फेऱ्या असतील तर दुसऱ्या फेरीची मुदत संपली की लिंकवरचे कॉमेंट बंद करा, कॉमेंटची यादी फाइलमध्ये उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि अंतिम माणसाकडून ‘मंजूर’ असं लेखी घ्या. त्यानंतर मालकांच्या भाच्याला अमेरिकेहून काही सुचलं, तर ती तिसरी फेरी, आणि तिचा दर वेगळा.